१ एप्रिलचा संदेश

बँकेच्या शाखेचा नवा मॅनेजर झालायस, म्हणून सांगतो. स्टाफला नव्या आर्थिक वर्षाच्या शुभेच्छा ३१ मार्चच्या रात्री पाठवू नकोस. तेव्हा सगळे क्लोजिंगमध्ये बुडालेले असतात. १ एप्रिलला काउंटर ग्राहकांसाठी बंद असतं, त्या सकाळी पाठव. पाडवा कधी मार्चमध्येच होऊन जातो (२०२५ मध्ये ३० तारखेला होता), मग नुसतं 'पाडव्याच्या शुभेच्छा' शिळं वाटतं. त्यापेक्षा असं लिही:

"काल उशिरापर्यंत थांबलात, मनापासून आभार. पाडव्याची श्रीखंड-पुरी घाईत झाली असेल, तर या रविवारी निवांत होऊ दे. नवं वर्ष तुम्हाला आणि घरच्यांना सुखाचं जावो."

'गेल्या वर्षीपेक्षा जास्त' असं काही लिहिलं गेलं तर खोड; टार्गेट तिथूनच आत शिरतं. माझ्या पहिल्या संदेशात ठेवींचा आकडा होता. उत्तरादाखल नुसते अंगठे आले.