जुन्या भिंतीला रंग: आधी हात फिरवून बघा

इमल्शन की सिमेंट पेंट, हे ठरवून डबा निवडण्याआधी घराबाहेरच्या कोरड्या भिंतीवर तळहात घासा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर जुना रंग सुटत चालला आहे. त्यावर थेट वेदरप्रूफ इमल्शन मारलं, तर ते भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटतं आणि पापुद्र्यांसकट निघतं. नवखे इथेच फसतात.

म्हणून तारेच्या ब्रशने सुटा रंग खरवडा. शेवाळ असेल तर नुसतं घासू नका, शेवाळनाशक लावून मग धुवा, नाहीतर ते नव्या रंगातून पुन्हा डोकं काढतं. भेगा बाहेरच्या कामाच्या क्रॅक फिलरने भरा. आतल्या भिंतींची पुट्टी पावसात टिकत नाही.

इमल्शनला भिंत पूर्ण सुकलेली हवी, आधी एक्स्टेरियर प्रायमर, मग दोन हात. सिमेंट पेंटचं उलटं: भिंत ओली करून लावायचा आणि नंतर पाणी मारत राहायचं. तो स्वस्त, पण आधी इमल्शन लागलेल्या गुळगुळीत भिंतीवर धरत नाही. राहत्या घराला मी इमल्शनच सुचवेन. कुंपणाच्या खडबडीत भिंतीला सिमेंट पेंट चालेल.

आणि हो, ओल आतून येत असेल तर आधी गळती शोधा. तिथे कुठलाच रंग टिकणार नाही.