रात्रपाळीलाही कळेल अशी नोंद

प्रश्न: पॅलिएटिव्ह वॉर्डमध्ये रुग्णाशी उपचारांच्या उद्दिष्टांबद्दल बोलणं झाल्यावर केसपेपरवर काय लिहावं, म्हणजे सगळ्या टीमला कळेल?

रुग्णाचे स्वतःचे शब्द, ठरलेला निर्णय आणि अजून न ठरलेलं, हे वेगवेगळं लिहा. ‘नातेवाइकांना समजावलं, प्रोग्नोसिस पुअर’ अशी नोंद असली, तर रात्री दोनला धाप वाढल्यावर आयसीयूत न्यायचं का, हे ड्यूटीवरच्या सिस्टरला कळत नाही. मी पॅलिएटिव्ह टीममध्ये काम करतो. गोंधळ बहुधा याच ओळीवरून होतो. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णाची नोंद अशी हवी:

- हजर: रुग्ण (शुद्धीत, निर्णय घेऊ शकतात), पत्नी, मुलगा.
- आजार बरा होणार नाही हे रुग्णाला माहीत आहे. म्हणाले, ‘नळ्या नकोत, घरी जायचंय.’
- ठरलं: हृदय थांबल्यास सीपीआर नाही, व्हेंटिलेटर नाही. संसर्गावर अँटिबायोटिक द्यायचं. धाप लागल्यास लिहिलेल्या डोसने मॉर्फिन.
- बाकी: मुलाला आयसीयू हवं वाटतं, उद्या पुन्हा बोलणार.

‘काय द्यायचं’ हे लिहायला विसरू नका, नाहीतर ‘सीपीआर नाही’चा अर्थ काही जण ‘उपचार बंद’ असा घेतात. तारीख, वेळ, नाव, सही हवीच. तब्येत बदलली की नवी नोंद.

मात्र ही नोंद म्हणजे उपचारांबद्दलचं कायदेशीर इच्छापत्र, म्हणजे ‘लिव्हिंग विल’, नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023च्या सुधारित नियमांनुसार त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो.