निरोपाच्या भाषणात एकच प्रसंग पुरे

बाई, तुमच्या निरोपाच्या भाषणाचा मसुदा वाचला. शाळेतली छत्तीस वर्षं पाच मिनिटांत बसवायला जाऊ नका. नेमणूक, बदल्या, बढती हे सगळं मुख्याध्यापक सांगतीलच, आणि मुलं तोवर उन्हात तासभर बसलेली असतील.

तुमचा तो फळ्यावरच्या गणिताचा प्रसंग तेवढा घ्या. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, उत्तर चुकलंय." तुम्ही तिला खाली बसवलंत, मधल्या सुट्टीत चूक सापडली आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तसं सांगितलंत. तो खडू, तो वर्ग, तुमचा उतरलेला चेहरा, सगळं सावकाश येऊ द्या. पुढचं "म्हणून मुलांनो, नेहमी प्रश्न विचारा" हे वाक्य मात्र खोडा. तिथेच उपदेश सुरू होतो. (माझ्या भाषणात अशी चार वाक्यं होती. मुलं चुळबुळायला लागली तेव्हा कळलं.)

आणखी दोन गोष्टी:
- हुशार मुलांची नावं घेऊ नका, उरलेली मोजत बसतात. शिपाईमामांचं जरूर घ्या.
- पहिलं आणि शेवटचं वाक्य कागदावर लिहून ठेवा. गळा तिथेच दाटतो. दाटला तर थांबा, पाणी प्या, माफी मागू नका.

घरी एकदा मोठ्याने वाचून वेळ लावा.