तुमची सात वर्षांची मुलगी तुमच्या सासूबाईंना सारखी विचारते, "आजी, देवाला आकार असतो का?" त्यांनी काय सांगावं, असं तुम्ही विचारलंत.

मी नऊ वर्षांचा होतो. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी शाडूचा गणपती घरी आला. चेहऱ्यावरचा रुमाल जरा सारून बघायला गेलो आणि रुमालाबरोबर कानाची पाळी हातात आली. काका ओरडले, "देव मोडलास!" आता घरावर काहीतरी संकट येणार आणि ते माझ्यामुळे, या भीतीने मी जेवलोसुद्धा नाही.

आजीने तो तुकडा तळहातावर घेतला. म्हणाली, "देव कुठे मोडलाय? अजून माती आहे ही. उद्या प्राणप्रतिष्ठा झाली की मग देव."

रात्री तिच्या शेजारी पडून मी विचारलं, "मग आज देव कुठंय?"

"आहे सगळीकडे."

"कसा दिसतो?"

"दिसत नाही. त्याला आकार नाही."

"मग सोंड?"

"सोंड मूर्तिकाराने केली. आपण त्याला म्हणायचं, बाबा, दीड दिवस हिच्यात येऊन बस. आकार त्याला नको असतो रे, मला लागतो. नैवेद्याचं ताट ठेवू कुणापुढे?"

सकाळी दुसरी मूर्ती आणली. गुरुजींनी तिच्या छातीला हात लावून मंत्र म्हटले, दूर्वेने डोळ्यांना तूप लावलं. आजीने मला कोपराने ढोसलं, "आला." दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेच्या अक्षता टाकून मूर्ती जागेवरच जराशी हलवली, तेव्हा कानाशी येऊन, "निघाला." त्या वर्षी विसर्जनाला मी पहिल्यांदा रडलो नाही.

काका आजही म्हणतात, आईने पोराची समजूत काढली. साफ चूक. प्राणप्रतिष्ठेआधी मूर्ती भंगली तर दुसरी आणावी, अशुभ मानू नये, हे पंचांगवालेसुद्धा दरवर्षी सांगतात. सोंड हाच देवाचा आकार असता तर आवाहन कुणाचं करतो आपण, आणि मूर्ती पाण्यात सोडायला हात कसा धजावला असता? गीतेच्या बाराव्या अध्यायात अर्जुन जवळपास हेच विचारतो. कृष्ण निराकाराची उपासना खोटी ठरवत नाही, देहधाऱ्याला ती जड जाते एवढंच सांगतो. आजीचं ताट म्हणजे तेच. पोराला देवाची भीती घालणाऱ्यांनी आधी आपल्याच घरातला विधी नीट बघावा.

तेव्हा सासूबाईंना सांगा, पूजेला नातीला शेजारी बसवा आणि 'आला', 'निघाला' तिला दाखवा. गणपती नसेल तर तांदळावरच्या सुपारीनेही भागतं. ज्या घरात मूर्तिपूजाच नाही तिथे अर्थात हे लागू नाही. देव्हाऱ्यातल्या रोजच्या देवांनाही नाही, त्यांचं विसर्जन होत नाही. शाळिग्रामाला तर प्राणप्रतिष्ठाही लागत नाही. आमच्याकडे एक आहे, काळा, गुळगुळीत, ना डोळे ना हात. थंडीत आजी त्याला कोमट पाण्याने अंघोळ घालायची.