पेढे वाटून झालेत, मॅडम

‘ताई, चार महिन्यांपूर्वी मला मॅनेजर केलं. टीममधले दोघं माझ्याहून सीनिअर आहेत. रोज वाटतं, आज ना उद्या सगळ्यांना कळणार की मला यातलं काही येत नाही. रात्री दोन-दोनदा मेल तपासते. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. पद परत करावं का?’

एप्रिलमध्ये बढतीची पत्रं निघतात आणि जून-जुलैपासून माझ्याकडे अशी माणसं यायला लागतात. त्यांत बँकेतले असतात, आयटीतले असतात, शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकाही असतात. तुम्हाला उत्तर म्हणून मी नाशिकच्या एका कारखान्यातल्या गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सात भेटींचं थोडक्यात केलं आहे.

वय सदतीस. डिप्लोमा करून सीएनसी मशीनवर ऑपरेटर म्हणून लागले, मग सेटर झाले, मग सुपरवायझर, आणि आता प्रॉडक्शन मॅनेजर. हाताखाली दोन इंजिनिअर. शिवाय ज्यांनी त्यांना सेटिंग शिकवलं ते वयाने मोठे सुपरवायझर, ज्यांना ते आजही ‘दादा’ म्हणतात. पहिल्या भेटीत छातीवर दडपण येतं म्हणाले, तेव्हा मी आधी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. ईसीजी आणि रक्तदाब ठीक निघाले. हे मी कधीच टाळत नाही. छातीतली प्रत्येक कळ मनातून येते असं धरून चालणारा समुपदेशक धोकादायक.

दुसऱ्या भेटीत म्हणाले, “नऊच्या मीटिंगला बसलो की वाटतं, आता कोणीतरी ओळखणार, हा तोतया आहे.”

तोतया हा शब्द माझ्या मनात रेंगाळला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला आणि १७७६ मध्ये पकडला गेला, तो आपल्या इतिहासातला नामांकित तोतया. त्याचा सगळा खटाटोप होता लोकांना पटवण्याचा. माझ्यासमोर बसलेल्या माणसाचं बरोबर उलटं चाललं होतं. लोकांना तो केव्हाच पटला होता, कंपनीने तसं पत्रही दिलं होतं. पटत नव्हतं ते त्याचं त्यालाच. अमेरिकेत पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या अनुभवावर पहिल्यांदा लिहिलं, तेही कर्तबगार स्त्रियांबद्दल. हा आजार नाही, पण त्याचं एक चक्र असतं, आणि ते एकदा दिसलं की पुढचं काम सोपं जातं.

ते चक्र मी त्यांच्याच दिवसातून काढून दाखवलं. शिफ्ट सुपरवायझर रात्रीचा रिपोर्ट लिहून जातो. हे साडेसहाला कारखान्यात पोचून त्यातला आकडा न् आकडा मशीनवरच्या नोंदींशी पुन्हा जुळवत. दीड तास जाई. नऊची मीटिंग सुरळीत होई. मग डोक्यात हिशेब काय होई? “साडेसहाला आलो म्हणून आज वाचलो.” मीटिंग वाईट गेली तर नालायकी सिद्ध, आणि चांगली गेली तर श्रेय त्या दीड तासाला. म्हणजे कितीही मीटिंगा चांगल्या गेल्या तरी स्वतःच्या खात्यावर दमडी जमा व्हायची नाही. तुमचं रात्री मेल तपासणं याच जातीचं आहे, ताई.

मग मी भीतीचा तळ शोधायला घेतला.

“रिजेक्शन वाढलं तर काय होईल?”

“प्लांट हेड बोलतील.”

“बोलले तर?”

“सगळ्यांसमोर बोलतील. दादांसमोर.”

“मग?”

“मग ठरेल की हा ऑपरेटरच होता, उगाच चढवला.”

“आणि तसं ठरलं तर?”

बराच वेळ ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आईने गावात पेढे वाटलेत, मॅडम. देवळातसुद्धा ठेवले. आता परत कसं जायचं?”

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. मी त्याच वाटेने चालणारी, त्यामुळे माझा कान आधी ‘च’ शोधतो. मला हे काम चांगलं जमावं, ही इच्छा झाली. मला हे जमलंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाचा, हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, काळजी लागते, माणूस हातपाय हलवतो. हट्टातून जी भीती येते ती हात-पाय गारठवते. त्यांना हे समजलं, पण पटलं नाही. “भीती गेली तर मी ढिला पडेन,” म्हणाले. हा आक्षेप जवळपास प्रत्येक जण घेतो आणि तो प्रामाणिक असतो. मी विचारलं, “सेटर होतात तेव्हा काम चांगलं करत होतात ते भीतीने?” “छे! तेव्हा मजा यायची.” एवढं बोलले आणि तिथेच थांबले. तीन भेटी झाल्या तरी आमची गाडी डोकं आणि पोट यांच्या मध्येच कुठेतरी अडकलेली.

चौथ्या भेटीत मला सुचलं ते मुद्दाम सविस्तर सांगते. थोडा अभिमान आहे, तो तुम्ही समजून घ्याल. वास्तविक मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. त्या दिवशी मी म्हटलं, “मजा यायची म्हणता, ते सेटिंग म्हणजे नेमकं काय, मला समजावून सांगा.” माणूस बदललाच. पाठ ताठ झाली, हात बोलायला लागले. नवा जॉब लावला की प्रोग्राम चढवायचा, टूल लावायचे, आणि पहिला पीस काढून मायक्रोमीटरने मापायचा.

“तो पहिला पीस बरोबर येतो?”

“सहसा नाही. आणि तो बरोबर यावा म्हणून आम्ही जीवही काढत नाही. उलट मुद्दाम व्यास थोडा जास्त ठेवतो. कापलेलं मटेरियल परत चिकटवता येत नाही ना. मग माप बघून ऑफसेट द्यायचा, आणि पुढचा पीस मापात.”

“पहिला मापाबाहेर आला, म्हणून मशीन भंगारात काढता?”

ते हसले. “काहीतरीच काय मॅडम! तो सेटिंग पीस असतो.”

“मॅनेजर म्हणून तुमचा कितवा महिना?”

“तिसरा.”

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मला वाटलं, लागलं निशाणाला. पण हा माणूस कच्चा नव्हता. मान वर करून म्हणाले, “पण मॅडम, सेटिंग पीस आम्ही कस्टमरला पाठवत नाही. माझी चूक तर मीटिंगमध्येच उघडी पडते.”

खरी किल्ली होती ती याच आक्षेपात, माझ्या उपमेत नव्हती. मी विचारलं, “मग तुम्ही आठवड्याचा प्लॅन प्लांट हेडना कधी दाखवता?” शुक्रवारी, शेवटच्या तासाला, पूर्ण घोटून. त्याआधी कोणालाच नाही, कारण अर्धवट दाखवला तर येत नाही हे कळेल. म्हणजे मशीनवर जे तत्त्व त्यांनी पंधरा वर्षं पाळलं, ते खुर्चीत बसल्यावर मोडलं होतं. मटेरियल शिल्लक असताना माप घ्यायचं सोडून ते एकदम फिनिश काप मारत होते. तोतयेपणाची भावना लपवण्यावर जगते. लपवल्यामुळे कोणी दुरुस्त करत नाही, दुरुस्ती न झाल्यामुळे चूक मोठी होऊन बाहेर पडते, आणि लपवायला आणखी एक कारण मिळतं.

मग दोन गोष्टी ठरल्या. प्लॅनचा कच्चा कागद बुधवारी दाखवायचा आणि सोबत एक नेमका प्रश्न विचारायचा, “बरोबर आहे का?” असा मोघम नाही. दुसरी गोष्ट जड होती: दहा कामाचे दिवस साडेसहाला यायचं नाही, आठला यायचं. रिपोर्टमधले दोनच आकडे बघायचे, एकूण रिजेक्शन आणि कस्टमरची तक्रार. बाकी सुपरवायझरवर सोडायचं. आदल्या रात्री वहीत लिहायचं, उद्या काय बिघडेल आणि त्याची खात्री शंभरात किती. दुसऱ्या दिवशी समोर लिहायचं, खरं काय झालं.

इथे एक भेद करायला हवा, नाहीतर लोक गरजेची तपासणीही सोडून देतात. गेज, सुरक्षितता, ग्राहकाला जाणारा कागद हे तपासायचंच. तिथे काय बघायचं आणि कुठे थांबायचं हे ठरलेलं असतं, आणि तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही तेवढंच तपासलं असतं. भीतीपोटीच्या तपासणीत नवं काही हाती लागत नाही. समाधान दहा मिनिटं टिकतं आणि हात परत तिकडेच जातो.

पहिल्या रात्री त्यांनी खात्री लिहिली ऐंशी. सात दिवस काही झालं नाही, तरी ते “नशीब” म्हणत राहिले. आठव्या दिवशी एका जॉबचं रिजेक्शन दुसऱ्याच जॉबखाली लिहिलं गेलं होतं आणि ते मीटिंगमध्ये निघालं. दादांनी स्वतःच म्हटलं, “माझ्याकडून चुकलं, दुरुस्त करतो.” प्लांट हेड म्हणाले, “ठीक, पुढे.”

हे सांगताना त्यांचा चेहरा पडलेला होता आणि मी खुर्चीत सरसावून बसले होते. मला ती चूक हवीच होती. दहाही दिवस निर्विघ्न गेले असते तर भीती म्हणाली असती, अजून पकडला गेला नाहीस एवढंच. चूक झाली, सगळ्यांसमोर झाली आणि छप्पर कोसळलं नाही, हे पोटाला कळायला चूक घडावीच लागते. मी एवढंच विचारलं, “दादांची चूक निघाली, तर दादा तोतया ठरले का?” दहाव्या रात्री वहीत आकडा होता तीस. शून्य झाला नाही, आणि तो शून्य व्हावा असं मी कोणाला सांगतही नाही.

एक गाठ राहिली होती. बजेट आणि मनुष्यबळाचा खर्च काढणं त्यांना खरंच येत नव्हतं. ते मनाचं दुखणं नव्हतंच, मग समुपदेशन कशाला? अकाउंट्समधल्या माणसाकडे आठवड्याला दोन तास, सहा आठवडे. “येत नाही” आणि “लायक नाही” ही दोन वाक्यं त्यांनी वहीत दोन रकान्यांत लिहिली. पहिला रकाना भरत गेला आणि एकेक ओळ खोडली जाऊ लागली. दुसऱ्यात लिहायला काही सापडेना.

ताई, पद परत करायचं की नाही हे तुम्ही दहा दिवसांची वही भरल्यावर ठरवा, रविवारच्या संध्याकाळी नको. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगण्याचा कंटाळा येत असेल, तर मात्र वही बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि तुमच्या त्या दोन सीनिअर सहकाऱ्यांपैकी एकाला या आठवड्यात तुमचा कच्चा कागद दाखवा.

आमची आठवी भेट झालीच नाही. शुक्रवारी त्यांचा मेसेज आला: “मॅडम, सोमवारी कस्टमर ऑडिट आहे. भीती वाटतेय. उद्या येत नाही, दादांबरोबर लाइनवर एक चक्कर मारतो आणि रविवारी झोपतो.”