येन पडला की कोणाचा खिसा हलका होतो

प्रश्न: ताई, नागोयाजवळच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कंपनीची ऑफर आलीये. पगार महिना ३ लाख २० हजार येन. इकडे पुण्यात शैक्षणिक कर्जाचा ४५ हजारांचा हप्ता चालू आहे. घरचे म्हणतात येन पडलाय, जाऊ नकोस. मित्र म्हणतो, येन पडला की जपानी कंपन्यांची चांदी होते, बोनस जोरात मिळतो. खरं काय? आणि मुळात तो पडतो कशामुळे?

उत्तर: आधी तुझ्या हप्त्याचं गणित करू, कारण मला ते इथे आल्यावर कळलं आणि महागात पडलं. २०२२ च्या सुरुवातीला १०० येनचे साधारण ६५ रुपये यायचे. ४५ हजारांच्या हप्त्यासाठी ६९ हजार येन पाठवले की काम भागायचं. जुलै २०२४ मध्ये १०० येनचे ५२ रुपयेच राहिले, म्हणजे त्याच हप्त्याला साडेशहाऐंशी हजार येन. पगार तोच, काम तेच, आणि दरमहा सतरा हजार येन हवेत गेले. ३ लाख २० हजारांतले विमा आणि कर कापून तुझ्या हातात अंदाजे अडीच लाख पडतील. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, तो कोणी आधी सांगत नाही, तोही धरून चाल.

आता येन का पडला ते. लोकांना वाटतं देश कमजोर झाला की चलन पडतं. इथे मुख्य कारण व्याज होतं. मार्च २०२२ पासून जुलै २०२३ पर्यंत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाई रोखायला व्याजदर जवळपास शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. बँक ऑफ जपान मात्र उणे ०.१ टक्क्यावर बसून राहिली, थेट मार्च २०२४ पर्यंत. समज, एका जपानी विमा कंपनीकडे १ कोटी १५ लाख येन पडून आहेत. जपानमध्ये ठेवले तर व्याज नावालाच. डॉलर ११५ येनला होता तेव्हा त्यांचे एक लाख डॉलर झाले असते आणि अमेरिकेत पाच टक्क्यांनी वर्षाला पाच हजार डॉलर आले असते. मग काय करणार? येन विकून डॉलर घेणार. असं हजारोंनी केलं की बाजारात येन विकणारे जास्त आणि घेणारे कमी. येन घसरला की डॉलर धरून ठेवणाऱ्याला व्याजावर आणखी नफा, म्हणून तो आणखी येन विकतो. जखमेवर मीठ म्हणजे २०२२ मध्येच युक्रेन युद्धामुळे तेल आणि गॅस भडकले. जपान जवळजवळ सगळं इंधन बाहेरून आणतो आणि पैसे डॉलरमध्ये देतो, म्हणजे तेल कंपन्याही रोज येन विकून डॉलर घेत होत्या.

मग बँक ऑफ जपानने व्याज का वाढवलं नाही? तीस वर्षं इथे किमती आणि पगार जागचे हलले नव्हते. इंधनामुळे आलेली महागाई टिकणारी नाही, पगार वाढल्याशिवाय हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये चोवीस वर्षांत पहिल्यांदा बाजारात उतरून येन विकत घेतला. २०२४ च्या वसंतात तर जवळपास ९.८ लाख कोटी येन किमतीचे डॉलर त्यात ओतले, तरी जुलैत डॉलर १६२ येनच्या उंबरठ्यावर गेला. व्याजाचा फरक कायम असताना असा हस्तक्षेप वेळ काढून देतो, दिशा बदलत नाही.

घरात हे कसं पोचतं ते मात्र हळूहळू कळतं, म्हणून आल्याआल्या फसायला होतं. डॉलर १२० चा १५० झाला त्या आठवड्यात दुकानात काहीच बदलत नाही. आयातदाराने जुन्या दराने आणलेला माल संपेपर्यंत तो थांबतो. गव्हाचंच बघ. जपान बहुतांश गहू बाहेरून आणतो. तो सरकार विकत घेतं आणि वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, नवा भाव ठरवून गिरण्यांना देतं. एप्रिल २०२२ ला हा भाव १७.३ टक्क्यांनी वाढला. गहू मुळातच महागला होता, येनने भर घातली. त्यानंतर काही महिन्यांनी पाव, नूडल्स महागतात किंवा पाकीट तेच राहून आतले ग्रॅम कमी होतात. विजेच्या बिलात ‘इंधन खर्च समायोजन’ अशी एक वेगळी ओळ असते. जानेवारी ते मार्चच्या इंधनाच्या सरासरी किमतीचा परिणाम जूनच्या बिलात दिसतो. मी पहिल्या हिवाळ्यात हीटर लावून मजेत बसले आणि चटका नंतर बसला.

भारतीय दुकानातली तूरडाळ तर थेट याच हिशोबात येते. समजा, आयातदाराला ती दीड डॉलर किलोने पडली. ११५ च्या दराने १७३ येन, १५५ च्या दराने २३३ येन, आणि त्यावर भाडं, मजुरी वेगळी. डाळ तीच, शेतकऱ्याला एक पैसाही जास्त मिळाला नाही. पण प्रत्येक महागाई येनच्या माथी मारू नकोस. २०२५ मध्ये पाच किलो तांदूळ चार हजार येनच्या पुढे गेला, आदल्या वर्षीच्या सुरुवातीच्या दुप्पट. तो बराचसा इथेच पिकतो. तिथे पुरवठाच कमी पडला होता.

आता मित्राचं म्हणणं. ते खरं आहे, पण कोणत्या कंपनीचं ते बघावं लागेल. अमेरिकेत तीस हजार डॉलरला विकलेली गाडी ११५ च्या दराने साडेचौतीस लाख येन आणते, १५० च्या दराने पंचेचाळीस लाख. कारखान्यातले पगार येनमध्येच, म्हणून वरचा बराच पैसा नफ्यात जातो. टोयोटाने मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात पाच लाख कोटी येनच्या वर विक्रमी कार्यकारी नफा दाखवला, त्यात येनचा वाटा होता. पण गाड्यांची संख्या त्या प्रमाणात वाढत नाही, कारण जपानी कंपन्या आता बऱ्याच गाड्या परदेशातच बनवतात. जुन्या पुस्तकातलं ‘चलन पडलं की निर्यात वाढते’ हे त्यामुळे अर्धंच लागू पडतं.

आणि तुझी कंपनी सुट्या भागांची, छोटी. ती माल विकते जपानमधल्याच मोठ्या कंपनीला, येनमध्ये. तिचं ॲल्युमिनियम, वीज, वंगण मात्र डॉलरबरोबर महागतं. मी आधी अशाच एका ठिकाणी होते. गिऱ्हाईक कंपनीचे विक्रमी नफ्याचे आकडे टीव्हीवर झळकत होते आणि आमच्याकडे साहेब भट्टी रात्री चालवली तर वीज स्वस्त पडेल का याचा हिशोब करत होते. बोनस त्या वर्षी घटला.

म्हणून मुलाखतीत दोन गोष्टी विचार. गेल्या तीन वर्षांत बोनस किती महिन्यांच्या पगाराएवढा मिळाला, आणि कच्चा माल व वीज महागली तर वाढीव खर्च गिऱ्हाईकाकडून मिळतो का. दुसऱ्या प्रश्नावर गुळमुळीत उत्तर आलं तर येनच्या घसरणीचा फायदा तुझ्यापर्यंत येणार नाही असंच धर.

हप्त्याचं गणित ५२ च्या दराने कर. त्यात भाडं आणि जेवण बसत असेल तर ये. दर सुधारला तर चांगलंच आहे; जुलै २०२४ च्या अखेरीस बँक ऑफ जपानने व्याज थोडं वाढवल्यावर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला अमेरिकेतून मंदीच्या बातम्या आल्यावर डॉलर महिन्याभरात १६२ वरून १४२ च्या आसपास आला होता. तेव्हा मी तीन महिन्यांचे पैसे एकदम पाठवले. रुपयाही डॉलरसमोर घसरतच असतो, त्यामुळे बातम्यांत डॉलर-येन बघत बसू नकोस, येन-रुपया बघ.