फॅट तेवढंच, एसएनएफ घसरलं: पाणी की गरम दूध?

प्रश्न: गाय जर्सी क्रॉस आहे. फॅट ३.९ च आहे, पण या आठवड्यात एसएनएफ ८.४ वरून ८.२ झालं आणि लिटरमागे ३ रुपये कमी आले. सोसायटीत म्हणतात पाणी आहे. मी थेंबभरसुद्धा घातलेलं नाही. करू काय?

उत्तर: मी पेडण्यात बरीच वर्षं सोसायटीत दूध तपासायला बसायचो, म्हणून एक विचारतो. तुमच्या सोसायटीत मशीन आहे की लॅक्टोमीटर? लॅक्टोमीटर असेल तर पाण्याआधी दुधाच्या तापमानावर संशय घ्या.

एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात उरतं ते सगळं. लॅक्टोमीटर असेल तिथे ते कुणी मोजत नाही, हिशोबाने काढतात. लॅक्टोमीटरचं तापमानाप्रमाणे दुरुस्त केलेलं वाचन म्हणजे सीएलआर. ते फॅटसोबत या सूत्रात घालतात:

```
एसएनएफ = (सीएलआर ÷ ४) + (०.२५ × फॅट) + ०.४४
```

सूत्राचे आकडे ठिकठिकाणी थोडे बदलतात, पण चाराने भागणं सगळीकडे तेच. तुमचं फॅट ३.९ धरा. सीएलआर २८ असेल तर ७ + ०.९८ + ०.४४, म्हणजे ८.४. सीएलआर २७ झाला की ८.२. तुमची सगळी घसरण लॅक्टोमीटरच्या एका खुणेत बसते.

आता ती खूण कशाने हलते बघा. बहुतेक लॅक्टोमीटर २७ किंवा २९ अंशांसाठी बनवलेला असतो, त्याच्यावरच लिहिलेलं असतं. गोठा सोसायटीपासून दोन मिनिटांवर असेल तर तुमचं दूध ३२-३३ अंशांवर तिथे पोचतं. गरम दूध पातळ, त्यात लॅक्टोमीटर जास्त बुडतो. दर अंशामागे साधारण ०.२ मिळवायचे असतात, म्हणजे ५ अंश जास्त असले की बरोबर १. पहाटेच्या गर्दीत थर्मामीटर कोण बघतो! आमच्याकडेही तो फळीवर असायचा, बुडवायचा मात्र क्वचितच. त्यात ताज्या दुधात फेस आणि हवा असते, त्यानेही वाचन कमी येतं. बुडबुडे मशीनलाही फसवतात.

पैशांचं बघू. तुमच्या तक्त्यातले दर मला माहीत नाहीत, म्हणून समजा फॅट आणि एसएनएफ दोन्हींना किलोमागे ३०० रुपये, म्हणजे ग्रॅमला ३० पैसे. एका लिटरात ३.९ ने फॅट ४० ग्रॅम, त्याचे १२ रुपये. ८.४ ने एसएनएफ ८६ ग्रॅम, ८.२ ने ८४. फरक दोन ग्रॅमचा, म्हणजे ६० पैसे. मग तुमचे ३ रुपये कुठून गेले? तक्त्यातल्या पायरीवरून. गाईच्या दुधाला कायद्याने किमान एसएनएफ ८.३ लागतं, त्यामुळे तिथून खाली आलं की बऱ्याच तक्त्यांत दर एकदम उतरतो. तक्ता मागून ८.३ च्या वरची आणि खालची ओळ शेजारी ठेवून वाचा.

पाण्याचा आरोप तपासायचा साधा मार्ग असा: पाणी दोन्ही आकडे एकाच प्रमाणात खाली आणतं. दहा टक्के पाणी घातलं तर फॅट ३.९ चं ३.५ होईल आणि एसएनएफ ८.४ चं ७.६. पण ८.४ चं ८.२ व्हायला जेमतेम अडीच टक्के पाणी पुरतं, आणि तेवढ्याने फॅट फक्त ०.१ हलेल, जे तपासणीच्या चुकीतही येतं. म्हणून एका पावतीवरून त्यांना आरोप सिद्ध करता येणार नाही, तुम्हाला खोडताही येणार नाही. आठ-दहा पावत्या एकाखाली एक मांडा. फॅट जागेवर राहून एसएनएफच घसरत असेल तर ते पाणी नाही.

उद्या दूध काढल्यावर कॅन अर्धा तास गार पाण्यात ठेवा, फेस बसू द्या, एका भांड्यातून दुसऱ्यात दोनदा ओतून नीट ढवळा आणि मग न्या. तपासताना थर्मामीटर बुडवायला सांगा. सीएलआर २८ आला तर विषय मिटला.

तरीही २७ च राहिला तर गाईकडे वळा. मी आधी कास बघेन. आतल्या आत दगडी, म्हणजे मस्टायटिस असेल तर दूध दिसायला चांगलं असतं, पण त्यातली साखर घटते आणि एसएनएफ पडतं. चारही सडांची पहिली धार वेगवेगळी काळ्या कपड्यावर काढा. गुठळी किंवा पाणचट धार दिसली की त्या सडाचं दूध कॅनमध्ये घालू नका, डॉक्टरांना बोलवा. धार स्वच्छ दिसली तरी मस्टायटिसची चाचणी करून घ्या, सगळं डोळ्याला दिसत नाही.

दुसरं कारण पोटाचं. पावसाळ्यात आपल्याकडे गवत मुबलक, पण पाणीच जास्त. गाय पोट भरून खाते आणि तरी तिला ताकद कमी पडते, नुकती व्यालेली असेल तर आणखीच. मक्याचा भरडा किंवा तांदळाची कणी हळूहळू वाढवा, सोबत सुका पेंढा ठेवा. एकदम वाढवलंत तर पोट बिघडून फॅटही जाईल. याचा परिणाम पावतीवर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर रोजचा सीएलआर पावतीवर लिहून घ्या.